खाण कुठपर्यंत खणायची?

उघड्या खाणीत खनिज हाती लागण्याआधी त्याच्या डोक्यावरचा निरुपयोगी दगड काढावा लागतो. भिंती ढासळू नयेत म्हणून खड्ड्याला उतार ठेवावा लागतो, म्हणजे आजूबाजूचा दगडही काढणे आले. आराखडा करणारे त्यासाठी कागदावर जमिनीचे ठोकळे पाडतात आणि प्रत्येकाचा नफा किंवा खर्च मांडतात.

एक छोटा छेद घेऊ. वरच्या थरात क, ख, ग, घ हे दगडाचे चार ठोकळे ओळीने आहेत. प्रत्येक काढायला ३ लाख रुपये लागतात. खाली खनिजाचे दोन ठोकळे, प आणि फ. प्रत्येकातून ८ लाख सुटतात. प काढायचा तर क, ख, ग आधी काढायला हवेत. फ साठी ख, ग, घ. एकटा प घेतला तर ९ लाख खर्चून ८ मिळतात. एकट्या फ चेही तेच. सुटासुटा हिशेब करणारा खाण सुरूच करणार नाही. पण दोन्ही घेतले तर ख आणि ग एकदाच काढावे लागतात: १६ वजा १२, निव्वळ ४ लाख.

खऱ्या खाणीत ठोकळे लाखोंनी असतात. सगळ्या जोड्या तपासणे अशक्य. लर्क्स आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्ये यावर रीत दिली. पुढे १९७६ मध्ये पिकार्ड यांनी दाखवले की हा प्रश्न जाळ्यातला सर्वांत स्वस्त छेद शोधण्याचाच आहे.

पाइपांचे जाळे कल्पा. उगमापासून प आणि फ पर्यंत ८-८ क्षमतेचे पाइप, दगडाच्या प्रत्येक ठोकळ्यापासून शेवटच्या टाकीपर्यंत ३ चा पाइप. ‘आधी हे काढा’ ही प्रत्येक अट म्हणजे खनिजाकडून दगडाकडे जाणारा अमर्याद पाइप. आता उगम आणि टाकी यांचा संबंध तुटेल असे पाइप कापायचे, कमीत कमी क्षमतेचे. उगमाकडे उरतील ते ठोकळे काढायचे. सोडलेल्या खनिजाचा पाइप कापला तर तो नफा गेला; काढलेल्या दगडाचा पाइप कापला तर तो खर्च लागला. म्हणून निव्वळ नफा म्हणजे १६ वजा छेद. काहीच न काढण्याचा छेद १६, फक्त प घेण्याचा ८ अधिक ९ म्हणजे १७, दोन्ही घेण्याचा १२. सर्वांत लहान १२, नफा ४.

प्रोग्रॅममध्ये ‘अमर्याद’च्या जागी फार लहान आकडा टाकला, तर छेद अटीच्याच पाइपातून जातो आणि वरचा दगड तसाच ठेवून खनिज काढायचा आराखडा बाहेर पडतो. इथे १६ पेक्षा मोठा कोणताही आकडा पुरतो, कारण सगळे खनिज सोडून देण्याचा छेदच १६ चा आहे.

ही रीत अंतिम खड्डा सांगते, वेळापत्रक नाही. ‘वर्षाला इतकेच टन’ अशी मर्यादा आली की प्रश्न छेदात मावत नाही आणि फार अवघड होतो. तेव्हा नियोजक खनिजाचा भाव मुद्दाम उतरवत पुन्हापुन्हा छेद काढतात. आपल्या छेदात ८ चे ६ च्या खाली गेले की खड्डाच नाहीसा होतो. मोठ्या खाणीत मात्र एकात एक बसणारे लहान खड्डे मिळत जातात आणि खोदाईचे टप्पे त्यांवरून आखतात.