वाहन नोंदवही

वाहन नोंदवही (प्रचलित शब्द: लॉगबुक) म्हणजे एखादे वाहन कामानिमित्त कोठे, केव्हा, कशासाठी आणि किती किलोमीटर चालले याची फेरीगणिक ठेवलेली नोंद होय. शासकीय वाहनांत ही वही चालकाजवळ असते आणि वाहन वापरणारा अधिकारी प्रत्येक फेरीपुढे स्वाक्षरी करतो. खासगी नोकरीत अथवा व्यवसायात स्वतःची मोटार कामासाठी आणि घरासाठी अशी दोन्हीकडे वापरली जाते, तेव्हा खर्चाचा कोणता हिस्सा कामाचा हे ठरविण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग होतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील पगारदार व्यक्तीच्या स्वतःच्या मोटारीचा विचार केला आहे, कारण नोंदवहीवाचून सर्वाधिक नुकसान तेथेच होते.

नियमातील स्थान

कर्मचाऱ्याच्या मालकीच्या मोटारीचा इंधन व देखभाल खर्च मालकाने (म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेने) भरून दिला आणि ती मोटार खासगी कामासाठीही वापरली जात असेल, तर भरून दिलेल्या रकमेचा काही भाग पगाराबरोबर करपात्र ठरतो. आयकराच्या व्यवहारात त्याला ‘पर्क्विझिट’ म्हणतात. त्याचे मूल्य कसे काढावे हे आयकर नियम, १९६२ मधील नियम ३(२) मध्ये सांगितले आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशेबाला हाच नियम लागू पडतो. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला असल्याने त्यापुढील वर्षांसाठी नव्या नियमांतील रकमा पाहाव्या लागतात.

या नियमाप्रमाणे कोणतीही नोंद नसली तरी कामाच्या वापरापोटी एक ठरावीक रक्कम वजा मिळते. इंजिनाची क्षमता १.६ लिटरपर्यंत असल्यास दरमहा १,८०० रुपये, त्याहून अधिक असल्यास २,४०० रुपये, आणि चालक ठेवला असल्यास आणखी ९०० रुपये. स्वतःच्या दुचाकीसाठी ही वजावट दरमहा ९०० रुपये आहे. महिन्यातून दोनतीनदाच बाहेर जाणाऱ्याला एवढी वजावट पुरेशी ठरते आणि त्याने वहीचा व्याप करण्याचे कारण नाही. ज्याची मोटार कामासाठी रोज धावते, त्याला मात्र ही रक्कम अगदीच तोकडी पडते.

अशा वेळी अधिक रक्कम मागण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. परंतु त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली अशी की, कामासाठी केलेल्या प्रवासाचा संपूर्ण तपशील, म्हणजे दिनांक, गंतव्य स्थान, अंतर आणि त्यावरील खर्च, मालकाने ठेवलेला असावा. दुसरी अशी की, हा खर्च सर्वस्वी आणि केवळ कार्यालयीन कर्तव्यासाठी झाला असे प्रमाणपत्र मालकाने द्यावे. पहिल्या अटीतील ‘मालकाने’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. कर्मचाऱ्याने मोटारीत काटेकोर वही ठेवली, पण ती कार्यालयात कधी दिलीच नाही, तर अट पुरी होत नाही. म्हणून महिन्याच्या अखेरीस वहीची प्रत कार्यालयात देऊन तिच्यावर वरिष्ठाची स्वाक्षरी व पोहोच घेणे हा नोंद ठेवण्याचाच भाग मानावा.

एका महिन्याचा हिशेब

उदाहरणादाखल साताऱ्यात राहणारा, पंप बनविणाऱ्या एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी घेऊ. त्याची स्वतःची १.२ लिटर क्षमतेची पेट्रोल मोटार आहे, चालक नाही, आणि मोटारीचा सगळा खर्च कंपनी भरून देते. १ एप्रिल २०२५ रोजी सकाळी मोटारीच्या ओडोमीटरवर (गाडीने आजवर कापलेले एकूण अंतर दाखविणाऱ्या आकड्यावर) ४२,३१० किलोमीटर दिसत होते आणि ३० एप्रिलच्या रात्री ४३,८७०. म्हणजे महिन्यात मोटार १,५६० किलोमीटर चालली. त्याच्या वहीतील काही ओळी अशा असतील:

| दिनांक | मार्ग व कारण | सुरुवात | अखेर | काम | खासगी |
|---|---|---|---|---|---|
| ८ एप्रिल | सातारा–कराड–सातारा. मार्केट यार्डातील दोन विक्रेत्यांकडे नव्या मागणीसाठी भेट | ४२,६५५ | ४२,७७१ | ११६ | – |
| १२ एप्रिल | सातारा–कोरेगाव. विक्रेत्याकडील थकीत बिलाची वसुली | ४२,८४६ | ४२,८६६ | २० | – |
| १२ एप्रिल | कोरेगावहून जवळच्या गावी लग्नाला व परत कोरेगाव | ४२,८६६ | ४२,८९० | – | २४ |
| १२ एप्रिल | कोरेगाव–सातारा | ४२,८९० | ४२,९१० | २० | – |
| २१ एप्रिल | सातारा–वाई–सातारा. बंद पडलेल्या पंपाची पाहणी | ४३,३१८ | ४३,४०२ | ८४ | – |

बारा तारखेच्या तीन ओळी विशेष पाहण्यासारख्या आहेत. कामाच्या फेरीत खासगी वळण आले, तेव्हा त्याने ते जेथे सुरू झाले आणि जेथे संपले अशा दोन्ही ठिकाणी आकडा टिपून ठेवला. संपूर्ण फेरी ‘कोरेगाव, ६४ किलोमीटर’ अशी एका ओळीत लिहिली असती, तर २४ किलोमीटरचा दावा खोटा झाला असता. आणि एक ओळ खोटी निघाली की तपासणाराचा उरलेल्या वहीवरचा विश्वासही डळमळीत होतो. ‘कारण’ या रकान्यात केवळ ‘कंपनीचे काम’ असे लिहून भागत नाही. कोणाकडे आणि कशासाठी, एवढे तरी त्यातून समजले पाहिजे.

महिनाअखेर बेरीज केल्यावर कामाचे १,०९२ किलोमीटर भरले. १,५६० पैकी १,०९२ म्हणजे ७० टक्के. कंपनीने त्या महिन्यात पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टायर मिळून १५,६०० रुपये भरून दिले होते. वही नसती तर त्यातून १,८०० वजा जाऊन १३,८०० रुपये करपात्र ठरले असते. वहीच्या आधारे कामाचा हिस्सा १०,९२० रुपये निघतो आणि केवळ ४,६८० रुपये करपात्र राहतात. फरक ९,१२० रुपयांचा. उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असल्यास ४ टक्के उपकरासह दरमहा सुमारे १,८९७ रुपये कर वाचतो, आणि सर्व महिने असेच गेले तर वर्षाकाठी तो सुमारे २२,७६० रुपये होतो.

कामाचा हिस्सा कसा काढावा याचे सूत्र नियमात दिलेले नाही. अंतराच्या प्रमाणात वाटणी करणे हाच सरळ आणि समर्थनीय मार्ग होय. टायर किंवा मोठी दुरुस्ती एकाच महिन्यात येते, त्यामुळे त्या महिन्याच्या टक्क्यावर अवलंबून न राहता वर्षाचा एकत्रित टक्का काढणे अधिक न्याय्य ठरते. वाटणीसाठी खासगी फेऱ्यांचे कारण लिहिण्याची गरज नसली, तरी त्यांचे अंतर वहीत आलेच पाहिजे. एकूण अंतर माहीत नसेल तर टक्का कशाचा काढणार?

किलोमीटरच्या दराने मिळणारी रक्कम

काही कंपन्या प्रत्यक्ष खर्च न देता प्रतिकिलोमीटर ठरावीक दर देतात. कर्तव्य बजावताना होणाऱ्या प्रवासखर्चासाठी दिलेला असा भत्ता, त्या कामी प्रत्यक्षात जेवढा खर्च झाला तेवढ्यापुरताच करमुक्त असतो. वरील प्रतिनिधीचा प्रत्यक्ष खर्च किलोमीटरला १० रुपये पडतो. कंपनीने १२ रुपये दर दिला, तर १,०९२ किलोमीटरवरील जादाचे २,१८४ रुपये करपात्र होतील. घर ते कार्यालय हा रोजचा प्रवास बहुतेक कंपन्यांच्या नियमांत अशा दराने मिळत नाही, म्हणून तो वहीत वेगळा दाखवावा. तो कामाच्या रकान्यात मिसळला तर लेखा विभाग संपूर्ण देयकच परत पाठवितो.

नोंद खरी आहे हे कसे पडताळतात

नोंदवही इतर कागदांशी जुळते की नाही हे तपासणारा प्रथम पाहतो. मोटार सर्व्हिसिंगला दिली की गॅरेजच्या बिलावर त्या दिवशीचा ओडोमीटरचा आकडा छापलेला असतो. वहीत १५ एप्रिलला ४३,२०० आणि त्याच दिवसाच्या बिलावर ४२,९५० असा आकडा असेल, तर वही मागाहून लिहिली हे उघड होते. साताऱ्याहून महामार्गाने कराडला जाताना तासवडे येथील टोलनाका ओलांडावा लागतो. त्यामुळे कराडच्या फेरीच्या दिवशी फास्टॅगच्या खात्यात त्या नाक्याची कपात दिसली पाहिजे. रजेच्या दिवशी दाखविलेली फेरी हजेरीपटावरून पकडली जाते.

इंधनाचा ताळाही घेता येतो. मोटार लिटरला १५ किलोमीटर चालत असेल तर १,५६० किलोमीटरला १०४ लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरला १०४ रुपये भाव धरल्यास ते १०,८१६ रुपयांचे होईल. १५,६०० रुपयांतून उरणारे ४,७८४ रुपये सर्व्हिसिंग आणि टायरच्या बिलांशी जुळले पाहिजेत. पेट्रोलची बिले याच्या निम्मीच भरली, तर अंतर फुगविलेले असण्याचा संभव असतो.

मागाहून एकाच बैठकीत लिहिलेली वही बहुधा तिच्या रूपावरूनच ओळखू येते. सारी अंतरे ५० किंवा १०० अशी गोल, शाई एकच, खाडाखोड नाही, आणि खासगी वापर शून्य. घरातील एकमेव मोटार महिनाभरात एकदाही बाजारात किंवा नातलगांकडे गेली नाही, हे कोणाला पटावे? फेरी संपताच मोटारीतून उतरण्यापूर्वी आकडा लिहिणे हाच यावरील उपाय होय. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप मार्ग व अंतर आपोआप टिपते, पण प्रवासाचे कारण त्याला कळत नाही. ते त्याच दिवशी हाताने भरावे लागते.

ऑस्ट्रेलियात सलग १२ आठवड्यांची प्रातिनिधिक नोंद ठेवली, तर तिच्यावरून निघालेला टक्का, परिस्थिती फारशी न बदलल्यास, पाच वर्षे वापरता येतो. भारतातील नियमात अशी नमुना-नोंदीची सोय नाही. तपशील ‘संपूर्ण’ हवा असल्याने वही वर्षभर चालवावी लागते.

व्यावसायिक व मर्यादा

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला व्यवसायासाठी झालेला खर्च उत्पन्नातून वजा मिळतो. मात्र मोटार अंशतः खासगी वापरात असेल, तर इंधन आणि घसारा या दोहोंचा योग्य तो हिस्सा वगळला जातो. वही नसल्यास करनिर्धारण अधिकारी अंदाजाने काही भाग, कधी दशांश तर कधी पंचमांश, नामंजूर करतो, आणि त्या अंदाजाला उत्तर देण्यास करदात्याजवळ काही उरत नाही. उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखविण्याची अनुमानित पद्धत ज्याने स्वीकारली आहे, त्याला मोटारीचा खर्च वेगळा वजा मिळतच नसल्याने करासाठी वहीचा उपयोग नाही.

पगारदारांपैकी ज्याचा प्रवासखर्च मालक मुळीच भरून देत नाही, त्यालाही करापुरती वही निरुपयोगी आहे. भारतीय कायद्यात पगारातून स्वतःच्या मोटारीचा खर्च स्वतंत्रपणे वजा करण्याची तरतूद नाही. पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट तेवढी मिळते. त्याने आधी मालकाकडून खर्चाची भरपाई अथवा भत्ता मंजूर करून घेतला, तरच किलोमीटरच्या नोंदीला अर्थ येतो.