दर रविवारी तोच माणूस बोलतोय ना?

पहिल्या भागात 'बघा, माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोट लावलं की फुटायला हवा' असं सांगणारी बाई सातव्या भागात 'मातीची जलधारण क्षमता तपासणे आवश्यक असते' असं बोलू लागते. विषय तोच, गच्चीवरची बाग. चेहराही तोच. पण पहिल्या भागापासून पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं. आपल्याशी बोलणारी ती बाई कुठे गेली, असं त्याला वाटतं, आणि नेमकं काय बदललं ते त्याला सांगता येत नाही.

एकट्याने यूट्यूब चॅनेल किंवा पॉडकास्ट चालवणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं, आणि कारणं अगदी साधी असतात. त्या आठवड्यात तिने कृषी विद्यापीठाची पुस्तिका वाचलेली असते आणि लगेच स्क्रिप्ट लिहायला घेतलेली असते. पुढच्या आठवड्यात एखाद्या गाजलेल्या चॅनेलचे चार व्हिडिओ पाहून झालेले असतात, म्हणून 'मित्रांनो, हा सिक्रेट उपाय शेवटपर्यंत पाहा' असं वाक्य नकळत उतरतं. त्यानंतर जाहिरातदाराचा मजकूर येतो, तो तिसऱ्याच भाषेत. वर्तमानपत्रात किंवा कंपनीत मजकुरावरून नजर फिरवणारा संपादक असतो. इथे तो नसतो. त्याची जागा घेणारा दोन पानांचा कागद म्हणजे व्हॉइस गाइड.

हे गाइड बहुतेक जण विशेषणांनी सुरू करतात: आपला आवाज मैत्रीपूर्ण, विश्वासार्ह, साधा. हे शब्द कोणत्याही चॅनेलला लागू पडतात, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना त्यांचा काही उपयोग होत नाही. माझ्या मते सुरुवात स्वतःच्या बोलण्यापासून करावी. समजा, आपल्या बागवाल्या बाईंचे वीस भाग झालेत. त्यातले तिला स्वतःला मनापासून आवडलेले चार-पाच निवडायचे. प्रत्येकातली पहिली दोन मिनिटं, मधला एखादा समजावून सांगण्याचा भाग आणि शेवट ऐकून जसाच्या तसा कागदावर उतरवायचा, 'हं', 'बघा', 'म्हणजे काय होतं' यांच्यासकट. बहिणीला बागेबद्दल पाठवलेले एक-दोन व्हॉइस मेसेजही त्यात घालावेत. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे खरा आवाज तिथे जास्त मोकळा सापडतो.

मग रंगीत पेन घेऊन शोधायचं. वाक्यं सरासरी किती लांब आहेत? उपाय आधी सांगते की कारण? उदाहरणं कुठून येतात, स्वयंपाकघरातून की शाळेच्या पुस्तकातून? समजा असं दिसलं, की ती आधी झाडाचं लक्षण सांगते, मग कारण आणि शेवटी उपाय, आणि तिचं वाक्य एका श्वासात संपतं. या दोन गोष्टी गाइडमधल्या पहिल्या दोन ओळी झाल्या.

मराठीत पुढचा निर्णय संबोधनाचा. 'तू', 'तुम्ही' की 'मित्रांनो'? 'आपण कुंडी भरूया' या वाक्यात बोलणारी प्रेक्षकाशेजारी बसते, 'तुम्ही कुंडी भरा' म्हणताना समोर उभी राहते. दोन्ही चालतात, पण केव्हा काय ते ठरलेलं हवं. आपल्या बाईंनी असं ठरवलं असं धरू: हाताने करायच्या कामात 'आपण', धोक्याची सूचना देताना 'तुम्ही', 'मित्रांनो' कधीच नाही. स्वतःसाठी 'मी'. टीम नसताना 'आम्ही घेऊन आलो आहोत' म्हणायचं नाही.

दुसरा निर्णय लेखनाचा आहे, आणि त्याच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. टेलिप्रॉम्प्टरवर 'पाणी दिले, झाड सुकले' असं लिहिलेलं असेल, तर डोळे तेच वाचतात आणि आवाज बातम्यांचा होतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'दिलं', 'सुकलं' असं बोलीसारखंच लिहायचं. व्हिडिओखालच्या वर्णनात हवी तर ग्रांथिक मराठी ठेवा. ज्या मजकुराचा उच्चार होणार आहे, त्यात मात्र नको. शब्दांची छोटी यादीही इथेच करावी: 'पॉट' नाही, कुंडी, 'नीम ऑइल' नाही, कडुनिंबाचं तेल, 'कोकोपीट' मात्र कोकोपीटच, कारण दुकानात ते याच नावाने मागतात.

आवाजाच्या सीमा आखण्यासाठी एक पद्धत फार उपयोगी आहे. ईमेल सेवा देणाऱ्या मेलचिंप या कंपनीने आपलं लेखनविषयक गाइड सर्वांसाठी खुलं ठेवलं. त्यातली 'असं, पण तसं नाही' ही मांडणी पुढे अनेकांनी उचलली. एका गुणापुढे त्याची मर्यादा लिहायची आणि दोन्ही बाजूंची वाक्यं शेजारी ठेवायची. आपल्या बाईंचा गुण 'जाणकार, पण अधिकारी नाही. उत्साही, पण विक्रेती नाही' असा असेल, तर एकच माहिती तीन तऱ्हांनी लिहून पाहू.

'पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणासाठी निंबोळी तेलाची फवारणी करावी.' हे अधिकाऱ्याचं.

'हा एक उपाय करा आणि कीड रात्रीत गायब!' हे विक्रेतीचं, शिवाय खोटं.

'पानाच्या मागे कापसासारखं पांढरं दिसलं ना, की समजायचं, पिठ्या ढेकूण आलाय. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालूया. ऊन उतरल्यावर फवारूया. आठवड्याने पुन्हा बघूया.' हे तिचं.

गाइडमध्ये ही तिन्ही वाक्यं जशीच्या तशी राहू द्यावीत. नियम विसरला जातो, पण शेजारी ठेवलेल्या वाक्यांमधला फरक कानात राहतो.

आवाज एकच राहिला तरी सूर बदलतो. टोमॅटो लगडल्याचा भाग आणि आधीच्या भागात चुकीचं प्रमाण सांगितल्याची दुरुस्ती करणारा भाग एकाच उत्साहात बोलता येत नाहीत. म्हणून चार-पाच नेहमीचे प्रसंग घेऊन प्रत्येकासाठी एक नमुना वाक्य लिहून ठेवावं: यश, झाड मेलं, दुरुस्ती, जाहिरात. जाहिरातीच्या बाबतीत माझा आग्रह असा, की कंपनीच्या मजकुरातली माहिती घ्यावी, वाक्यं घेऊ नयेत, आणि हे सौदा ठरतानाच लेखी कळवावं. ऐन शूटिंगच्या दिवशी शब्द बदलून मागितले, तर बहुधा नकार मिळतो.

गाइड काम करतंय का, हे तपासायला सोपी परीक्षा आहे. जुन्या आवडत्या भागातला एक परिच्छेद, नव्या तीन स्क्रिप्टमधला एकेक आणि दुसऱ्या कुणाच्या बागेच्या व्हिडिओतला एक, असे पाच कागद नावांशिवाय एखाद्या नेहमीच्या प्रेक्षकाला द्यायचे. परका कागद ओळखता आला नाही, किंवा तुमचाच एखादा परका ठरला, तर कुठे घसरलं ते तिथेच दिसतं. घसरण बहुतेकदा सुरुवातीच्या चार ओळींत आणि शेवटच्या आवाहनात असते, कारण दुसऱ्यांचे साचे सर्वात आधी तिथेच शिरतात.

उलट बाजूचा धोकाही आहे. 'बघा' हा शब्द गाइडमध्ये लिहिला, म्हणून तो प्रत्येक वाक्यात येऊ लागला, तर बाई स्वतःचीच नक्कल करतेय असं वाटतं. अशा लकबींसमोर मर्यादा लिहावी: एका भागात जास्तीत जास्त तीनदा, आणि ठरलेलं निरोपाचं वाक्य एकदाच. दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा वाचावा. जो नियम सलग मोडला जातोय, त्याच्याकडे नीट पाहावं. तो आळसाने मोडला जात असेल, तर स्क्रिप्ट दुरुस्त करावी. आणि त्या मोडलेल्या वाक्यांवरच प्रेक्षक जास्त प्रश्न विचारत असतील, तर नियम खोडून तारीख टाकावी आणि नवं नमुना वाक्य लिहावं.