दोघांनी एकच नोंद उघडली, तर?

एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी नोंदणी खिडकीवरचा कर्मचारी 4127 क्रमांकाच्या रुग्णाची माहिती संगणकावर उघडतो. त्याला फक्त मोबाइल नंबर बदलायचा आहे. तेवढ्यात फोन वाजतो आणि तो बोलण्यात गुंततो. इकडे वॉर्डात 11 वाजून 4 मिनिटांनी नर्स तीच नोंद उघडते, ॲलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलिन’ लिहिते आणि सेव्ह करते. 11 वाजून 9 मिनिटांनी खिडकीवरचा कर्मचारी फोन ठेवतो, नवा नंबर टाकतो आणि तोही सेव्ह करतो.

त्याच्या पडद्यावरचा फॉर्म मात्र 11 वाजून 2 मिनिटांचा. त्यात ॲलर्जीचा रकाना रिकामा होता. बरेचसे प्रोग्राम बदललेला एकच रकाना पाठवत नाहीत, सगळा फॉर्म पाठवतात. त्यामुळे मोबाइल नंबरासोबत तो रिकामा रकानाही डेटाबेसमध्ये गेला आणि ‘पेनिसिलिन’ पुसलं गेलं. दोघांनाही ‘नोंद जतन झाली’ असाच संदेश दिसला. या दोषाला संगणकशास्त्रात ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. चूक झाल्याचं कुणालाच कळत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. पुढे कधीतरी नर्स म्हणते, ‘मी लिहिलं होतं’, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

डेटाबेस हे का रोखत नाही? दोन बदल अगदी एकाच क्षणी आले, तर तो एकाला थांबवून दुसरा आधी पूर्ण करतो. पण इथे वाचणं आणि लिहिणं यांत सात मिनिटं गेली. डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी, रीतसर पूर्ण झालेली कामं आहेत. कर्मचाऱ्याने जुनी माहिती पाहून लिहिलं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

एक उपाय म्हणजे नोंद उघडताच तिला कुलूप लावणं. पण कुलूप लावणारा जेवायला गेला, तर वॉर्डातलं काम अडतं. दोघांची गाठ एकाच नोंदीवर क्वचितच पडते, मग रोज सगळ्यांना कशाला अडवायचं? सगळ्यांना मोकळेपणी काम करू द्यावं आणि लिहिताना तेवढं तपासावं, या विचाराची पद्धतशीर मांडणी एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये एका शोधनिबंधात केली. हेच ‘ऑप्टिमिस्टिक लॉकिंग’.

ते करायला तक्त्यात एक जादा रकाना पुरतो: `version`. नोंद बदलली की त्यातला आकडा एकने वाढतो. फॉर्म उघडताना तो आकडा सोबत येतो आणि सेव्ह करताना परत जातो. आपल्या उदाहरणात दोघांनाही 7 हा आकडा मिळाला होता. आता सेव्हची आज्ञा अशी असते:

```sql
UPDATE patients
SET mobile = :mobile,
    allergy = :allergy,
    version = version + 1
WHERE id = 4127 AND version = 7;
```

नर्सची आज्ञा आधी पोहोचते. एक ओळ बदलते आणि आकडा 8 होतो. मग कर्मचाऱ्याची आज्ञा येते, पण 7 आकड्याची ओळ आता उरलेलीच नाही. डेटाबेस उत्तर देतो: शून्य ओळी बदलल्या. हे शून्य प्रोग्रामने पाहिलंच पाहिजे. आज्ञा विनातक्रार पार पडते, त्यामुळे ते न पाहणारा प्रोग्राम खुशाल ‘जतन झाली’ म्हणेल. फरक इतकाच की या वेळी कर्मचाऱ्याचा नंबर हरवेल.

आणखी एक चूक हमखास होते. सेव्ह करण्याच्या क्षणी प्रोग्राम ताजा आकडा वाचतो आणि तोच अटीत घालतो. मग 8 ची तुलना 8 शीच होते आणि जुना फॉर्म बिनदिक्कत आत शिरतो. आकडा फॉर्म उघडतानाचाच हवा. तसंच रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट आकडा न वाढवता नोंदी बदलत असेल, तर तिचे बदल कुणाच्याही जुन्या फॉर्मखाली पुसले जातील.

शून्य आल्यावर पुढे काय, हे यंत्राने ठरवू नये. ‘ही नोंद तुम्ही उघडल्यानंतर बदलली आहे’ असं सांगून कर्मचाऱ्याला ताजी नोंद दाखवावी. त्याने टाइप केलेला नंबर मात्र पुसू नये, शेजारीच ठेवावा. ॲलर्जी नर्सची, नंबर त्याचा. दोन्ही राखून त्याने पुन्हा सेव्ह करायचं. या वेळी अटीत 8 असतो आणि नोंद 9 वर जाते.

आपल्या कार्यालयातलं सॉफ्टवेअर हे करतं का, हे कुणालाही पाहता येतं. एक चाचणी-नोंद दोन खिडक्यांत उघडा. पहिलीत एक रकाना बदलून सेव्ह करा, मग दुसरीत वेगळा रकाना बदलून सेव्ह करा आणि नोंद पुन्हा उघडा. दोन्ही बदल दिसले, किंवा दुसऱ्या खिडकीने तुम्हाला अडवलं, तर ठीक. पहिला बदल गुपचूप गायब झाला असेल, तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला हीच चाचणी करून दाखवा.