भुसभुशीत बूच काढताना

बाटलीच्या मानेत बसलेले बूच मुळात तिथे मावणारे नसते. वाइनच्या नेहमीच्या बाटलीची मान आतून सुमारे 18.5 मिलिमीटर रुंद असते आणि बुचाचा मूळ व्यास असतो 24 मिलिमीटर. यंत्राने आवळून ते आत सारले जाते, मग ते फुगायला बघते आणि काचेला घट्ट धरून बसते. बूच-ओक झाडाच्या सालीतल्या हवाभरल्या सूक्ष्म पेशींची ही करामत. पण वीस-तीस वर्षांत हा ताठा ओसरतो. खालचे टोक वाइनमध्ये भिजून मऊ पडते, वरचे सुकते. बाटली वर्षानुवर्षे उभी ठेवलेली असेल, तर बूच आणखी कोरडे होते. असे बूच ओढले की तुटते, दाबले की चुरा होतो.

चुरा आत पडण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: खाली लागलेला जोर. त्यामुळे बूच काढण्याची सगळी युक्ती जोर बाजूला किंवा वर वळवण्यात आहे.

बोर्दोची 1990 सालची लाल वाइन उघडायची आहे असे धरू. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचा गाळ तळाशी बसतो. तोंडावरचे वेष्टन काठाच्या बरेच खालपासून कापून पूर्ण उतरवावे आणि काठ ओल्या फडक्याने पुसावा. तिथे बुरशीचा काळा थर दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. आता बूच नीट पाहावे. ते काठापेक्षा खाली गेलेले असेल, त्याच्या कडेने वाइन झिरपल्याच्या रेघा असतील किंवा बोट ठेवताच ते हलत असेल, तर नेहमीचा स्क्रू बाजूला ठेवलेला बरा.

अशा बुचासाठी दोन चपट्या पात्यांचा चिमटा मिळतो. त्यात मळसूत्र नसते. एक पाते दुसऱ्याहून थोडे लांब असते. आधी लांब पाते काच आणि बूच यांच्या फटीत घालायचे, मग दुसरे समोरच्या बाजूने. त्यानंतर मूठ डावी-उजवीकडे झुलवत पाती थोडी थोडी खाली उतरवायची. सरळ दाबायचे नाही. पाती पूर्ण आत गेली की मूठ गोल फिरवत हळूहळू वर ओढायची. पाती बुचाला बाहेरून कवटाळतात, त्याच्या अंगात काहीच घुसत नाही, त्यामुळे ठिसूळ बूचही बहुधा अख्खे निघते. याचा दोष एकच. बूच सैल झालेले असेल, तर पाती उतरवताना तेच खाली सरकते. म्हणून काही जाणकार आधी बुचाच्या मधोमध लांब स्क्रू हलक्या हाताने बसवतात आणि मग त्याच्या दोन्ही अंगांनी पाती घालतात. स्क्रू बुचाला वर धरून ठेवतो, पाती त्याला काचेपासून सोडवतात आणि दोन्ही एकत्र ओढले जातात. त्यासाठी खास जोडअवजारही मिळते. महाग असते, पण जुन्या बाटल्या जपणाऱ्याला ते परवडते.

घरी मात्र बहुतेकांकडे साधा स्क्रू असतो आणि गडबड झाल्यावरच शहाणपण सुचते. स्क्रू आत जात असताना वर भुगा येऊ लागला आणि मूठ कसलाही अडसर न लागता फिरू लागली, तर स्क्रूला पकड मिळत नाही असे समजावे आणि तिथेच थांबावे. आणखी फिरवले तर तो गिरमिटासारखा बुचातून भोक पाडतो. मधोमध जाड दांडा असलेला स्क्रू हे हमखास करतो. तारेचा, आतून पोकळ वेटोळ्यांचा स्क्रू बुचाचे कमी नुकसान करतो.

समजा, वरचा अर्धा भाग निघाला आणि खाली वीसेक मिलिमीटरचा तुकडा उरला. आता बाटली जवळजवळ आडवी, तोंड किंचित खाली झुकवून एका वाडग्यावर धरावी. गाळ थोडा हलेल, पण सुटा भुगा आत न जाता बाहेर पडेल. तो चिमट्याने आणि ओल्या फडक्याच्या टोकाने आधी साफ करावा. मग स्क्रू बुचाच्या मध्यातून सरळ न घालता तिरपा घालावा, टोक मानेच्या एका भिंतीकडे वळलेले. अशाने बुचाचा तुकडा काचेवर दाबला जातो, खाली ढकलला जात नाही, आणि स्क्रूला न कुरतडलेल्या बुचात पकड मिळते. दोन-तीन वेढे पुरतात. स्क्रू तुकड्याच्या आरपार गेला तर खालच्या टोकाचे कण नेमके वाइनमध्येच पडतात. ओढतानाही तिरपा ताण ठेवून, किंचित पीळ देत, सावकाश ओढावे.

तेही जमले नाही तर बूच आत ढकलण्याचा उपाय उरतो, पण तो शेवटचा. पूर्ण भरलेल्या बाटलीत बुचाखाली जेमतेम 15 मिलिमीटर हवा असते. बूच 10 मिलिमीटर खाली सरकले की तीच हवा एक तृतीयांश जागेत कोंडली जाते, दाब तिप्पट होतो आणि फटीतून वाइनची चिळकांडी थेट सदऱ्यावर येते. म्हणून तोंडावर फडके धरून, चमच्याच्या दांड्याने थांबत थांबत दाबावे.

आत पडलेला चुरा आरोग्याला घातक नसतो, फक्त जिभेला खुपतो. बूच पाण्यापेक्षा कितीतरी हलके असल्याने कण पृष्ठभागावर, म्हणजे उभ्या बाटलीत थेट मानेत, तरंगतात. त्यामुळे पहिला घोटभर ओतला की बरेचसे कण त्यातच निघून येतात. उरलेली वाइन धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळावी. बुचाचा मोठा तुकडा तोंडाशी येऊन धार अडवू लागला, तर बारीक काडीने तो मागे धरावा. कॉफीचा कागदी फिल्टर आणखी बारीक कण अडवतो, पण वाइन त्यातून फार हळू उतरते आणि कोरड्या कागदाचा वास लागतो, म्हणून तो आधी गरम पाण्याने भिजवून घ्यावा. तळातला गाळ दिसू लागताच ओतणे थांबवावे. रिकामी बाटली दोन-तीनदा पाण्याने खळबळून, उपडी निथळून गाळलेली वाइन परत तिच्यात भरली की आत एकही कण उरत नाही.

फार जुन्या पोर्ट वाइनच्या बाटलीचे बूच कधीकधी हातच लावू देत नाही. पोर्तुगालमध्ये त्यासाठी लोखंडी सांडशी लाल होईपर्यंत तापवतात, बुचाच्या खाली बाटलीची मान तिने मिनिटभर धरतात आणि लगेच तिथे ओले फडके लावतात. अचानक थंड झालेली काच गोल चिरते आणि मानेचा वरचा भाग बुचासकट सुटून येतो. वाइन तरीही गाळावीच लागते, कारण काचेची कपची बुचाच्या कणाइतकी निरुपद्रवी नसते. शॅम्पेनसारख्या, आत वायूचा दाब असलेल्या बाटलीवर हा प्रकार कधीही करू नये.

आपल्याकडे ही अडचण वाइनपेक्षा व्हिस्कीच्या बाटलीत जास्त भेटते. तिचे लाकडी टोपीचे बूच एकदा सुकले की टोपी हातात येते आणि खुंट मानेत राहतो. हे बूच वाइनच्या बुचाइतके आवळून बसवलेले नसल्याने सहज खाली घसरते, त्यामुळे इथे दोन पात्यांचा चिमटा जपूनच वापरावा आणि आधी तिरप्या स्क्रूचा प्रयत्न करावा. व्हिस्कीत गाळ नसतो, म्हणून चुरा आत पडलाच तर ती मलमलीतून गाळून स्वच्छ बाटलीत भरता येते. नवे बूच मात्र त्या मानेच्या मापाचेच हवे.