तेरवी आणि जलदान : पाणी तेच, अर्थ वेगळा

साकोली : भंडारा जिल्ह्यात हिंदू आणि बौद्ध कुटुंबे शेजारी राहतात. एकमेकांकडील तेरवीला आणि जलदान विधीला जातात. दोन्हीकडे आप्त जमतात, पाणी ओतले जाते, जेवण होते. त्यामुळे ‘जलदान म्हणजे बौद्धांची तेरवी’ असे सहज म्हटले जाते. हे कितपत खरे?

तेरवीपर्यंत काय घडते?

गरुडपुराणाच्या मांडणीनुसार मृत्यूनंतर जीव लगेच पितर होत नाही. तो प्रेतावस्थेत असतो. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी त्याला पुढच्या प्रवासासाठी सूक्ष्म देह मिळतो. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते. वडील गेले असतील, तर मुलगा त्यांच्या पिंडाचे तीन भाग करून ते आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा यांच्या पिंडांत मिसळतो. इथून वडील पितर होतात. पुढच्या श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तिघांनाच पिंड मिळतो. खापरपणजोबा त्या रांगेतून मागे सरकतात. तेरवीचे जेवण या सगळ्यानंतरचे.

जलदानात काय असते?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. त्यामागे विचार आहे : नित्य आत्माच नाही, तर देह कोणासाठी घडवायचा? १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते पुनर्जन्म पूर्णपणे नाकारत नाहीत. मृत्यूनंतर पृथ्वी, आप, तेज, वायू हे घटक विश्वातील आपापल्या साठ्यात मिळतात आणि पुढे नव्या रूपात एकत्र येऊ शकतात; तीच व्यक्ती परतणे मात्र अत्यंत असंभवनीय मानले आहे. म्हणून विधीत त्रिशरण-पंचशील घेणे, दिवंगताचे स्मरण आणि दान यांना महत्त्व असते.

मग ‘प्रेत’ शब्द बौद्धांत नाही का?

आहे. पाली परंपरेत ‘पेत’ म्हणजे कर्मामुळे मिळालेली एक योनी. नातेवाइकांनी दान देऊन पुण्य अर्पण केले आणि पेताने त्याचे अनुमोदन केले, तर त्याला लाभ होतो, असे श्रीलंका, थायलंडमधील बौद्ध मानतात. आंबेडकरी मांडणी याहून वेगळी आहे. हिंदूंमध्येही सगळे पंथ श्राद्धाला सारखे महत्त्व देत नाहीत.

फरक कसा ओळखायचा?

एक प्रश्न विचारावा : विधी झालाच नाही तर? पौराणिक मतानुसार जीव प्रेतावस्थेत अडकतो. म्हणून मुलावर ते ऋण असते. आंबेडकरी मतानुसार गेलेल्याचे काहीच अडत नाही. विधी मागे राहिलेल्यांसाठी असतो. त्यामुळे बौद्ध घरी ‘आत्म्यास शांती लाभो’ हे शब्द जुळत नाहीत. तिथे ‘विनम्र अभिवादन’ योग्य ठरते.