एका भिंतीच्या दोन दुकानांची एक जाहिरात

बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या शेळगावात कृषी सेवा केंद्र आणि ठिबक-पाइपांचे दुकान असे दोन गाळे एकाच भिंतीला लागून आहेत असे समजू; तेथे सकाळी लॅटरल नळी न्यायला आलेला डाळिंबाचा बागाईतदार दुपारी त्याच नळीतून सोडायचे विद्राव्य खत शेजारीच मागतो, आणि गिऱ्हाईक असे एकच असल्यामुळे जाहिरातीचा खर्च दोघांनी वाटून घेणे स्वाभाविक ठरते.

चित्रफितीला १२ हजार रुपये पडले, तर प्रत्येकाचे ६ हजार. मात्र बनवणाऱ्याकडून पावत्या दोन, दोघांच्या नावे वेगळ्या घ्याव्यात, कारण १८ टक्के जीएसटीची वजावट ज्याच्या नावे पावती असेल त्यालाच मिळते, आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर ती मुळीच मिळत नाही.

खरा पेच सेकंदांचा. तीस सेकंदांत बारा-बारा दोघांचे आणि शेवटचे सहा सामाईक, ही वाटणी कागदावर समान दिसते खरी; परंतु मोबाइलवर पाहणारा पाच-सात सेकंदांत अंगठ्याने फीत वर सरकवतो, म्हणून आधी दिसणाऱ्याचे पारडे आपोआप जड होते. त्यावर उपाय असा, की त्याच दृश्यांच्या दोन प्रती, एकीत खताचे दुकान आधी तर दुसरीत ठिबकाचे, तयार करून त्या एक दिवसाआड दाखवाव्यात, आणि हे कलम करारनाम्यात चित्रीकरणापूर्वीच घालावे. अंतिम प्रत आवाज बंद करून, हाती घड्याळ घेऊन पाहावी. ठिबकाच्या दृश्यात मागे शेजाऱ्याची पाटी सतत झळकत असेल, तर बाराचे चोवीस सेकंद कोणाच्या पदरी पडले ते तेव्हाच उमगते.

सवलतीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: एका दुकानाच्या बिलासोबत दिलेले कूपन दुसऱ्याच दुकानात चालावे, आणि ज्याच्या गल्ल्यात विक्री पडते त्यानेच सूट सोसावी. ठिबकाच्या बिलामागे खतावर १०० रुपये, खताच्या बिलामागे ठिबकाच्या साहित्यावर २०० रुपये अशी सूट ठेवली आणि महिनाअखेर अनुक्रमे ९० व २० कूपने परत आली, तर खतवाल्याने ९ हजार सोसले, पण ९० गिऱ्हाइके त्याला शेजाऱ्याने पाठवली. सुटीची रक्कम निम्मी-निम्मी केली असती, तर साडेसहा हजारांचा वाटा पुरा करण्यासाठी ठिबकवाल्यालाच अडीच हजार रुपये खतवाल्याच्या हाती ठेवावे लागले असते. पुढच्या जाहिरातीचा खर्च ठरवताना हीच मोजणी पुढे ठेवावी.

एक हद्द मात्र ओलांडू नये. अनुदानित युरियासोबत दुसरा माल घेण्याची सक्ती, जिला दुकानदार ‘लिंकिंग’ म्हणतात, तिला शासनाची मनाई आहे. म्हणून ‘ठिबक घ्या, तरच युरिया’ असा अर्थ निघेल असे वाक्य फितीत येऊ देऊ नये, खतावरची सूट विद्राव्य खतापुरतीच ठेवावी, आणि कूपनावर मुदतीची तारीख व मूळ बिलाचा क्रमांक दोन्ही लिहावेत.