शाळा सुटताना दुखणारे डोके

शाळेतून परतलेले मूल दप्तर टाकून कपाळ धरून बसते, ही तक्रार आठवड्यातून तीन-चार दिवस होऊ लागली की पालकांचा पहिला संशय डोळ्यांवर जातो. तपासणीत मूल तक्त्यावरील शेवटची ओळही अचूक वाचून दाखवते आणि ‘दृष्टी ६/६’ असा शेरा मिळाल्यामुळे तो संशय फिटतो. मात्र या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की सहा मीटरवरून जे अक्षर दिसायला हवे ते मुलाला दिसते. ते दिसण्यासाठी त्याच्या डोळ्याला किती कष्ट पडतात, हे तक्ता सांगत नाही.

लांबचे अंधुक दिसणे, म्हणजे निकटदृष्टिता, हा दोष फळा दिसत नसल्यामुळे लवकर उघडकीस येतो आणि त्याने डोके क्वचितच दुखते, कारण तो नेत्रभिंगाच्या जोरावर भरून काढता येत नाही. दूरदृष्टितेचे मात्र उलट आहे. तिच्यात नेत्रगोल काहीसा आखूड असल्याने प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडू पाहते, परंतु डोळ्यातील सिलिअरी स्नायू आकुंचन पावून भिंग फुगवतो व प्रतिमा पुढे ओढतो. या क्रियेला समायोजन म्हणतात. मुलांमध्ये ही शक्ती भरपूर असल्यामुळे दोष झाकला जातो. नजर स्पष्ट राहते आणि त्याची किंमत स्नायू मोजतो.

चौथीतील नऊ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण कल्पून हा हिशेब मांडता येईल. त्याचा दोष अधिक तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) आहे. निर्दोष डोळ्याला ३३ सेंटिमीटरवरील वही वाचण्यासाठी सुमारे तीन डायॉप्टर समायोजन लागते, तर या मुलाला ते सहा लागते आणि फळ्याकडे पाहतानाही, जेथे इतरांचा स्नायू जवळजवळ विसावलेला असतो, तेथे त्याला तीन डायॉप्टर खर्चावे लागतात. या वयात एकूण समायोजन शक्ती किमान बारा-तेरा डायॉप्टर अपेक्षित असते आणि तिच्या निम्म्याहून अधिक भाग सतत वापरावा लागल्यास थकवा येतो, असा ठोकताळा आहे. हे मूल त्या सीमेवरच दिवस काढते. त्यामुळे पहिल्या तासाला त्याला काही जाणवत नाही, मधल्या सुट्टीनंतर भुवयांवर जडपणा येतो, शाळा सुटेपर्यंत कपाळ दुखू लागते, आणि रविवारी मैदानात दिवस गेला तर तक्रारच नसते. दृष्टिवैषम्य, म्हणजे बुबुळाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसणे, किंवा जवळ पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत न वळणे, यांतही दुखण्याचा क्रम असाच असू शकतो.

समायोजन चालू असताना केवळ यंत्रावर मोजलेला नंबर अशा मुलात फसवा ठरतो. म्हणून डोळ्यांत सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून स्नायू तात्पुरता शिथिल केला जातो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासानंतर रेटिनोस्कोपने, म्हणजे दृष्टिपटलावरून परतणाऱ्या प्रकाशाची हालचाल पाहून, खरा नंबर काढला जातो. बाहुली मोठी झाल्याने काही तास उजेड खुपतो व वाचता येत नाही, हा परिणाम बहुधा एका दिवसात ओसरतो. त्यामुळे तपासणी सुट्टीच्या दिवशी ठेवणे सोयीचे.

तथापि, चष्मा हे प्रत्येक डोकेदुखीचे उत्तर मानणे ही तितकीच मोठी चूक आहे. अधिक अर्ध्या डायॉप्टरसारखा किरकोळ नंबर बहुतेक मुलांत आढळतो आणि त्यावर दुखण्याचे खापर फोडल्यास खरे कारण मागे राहते. चष्मा नियमित वापरूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासावे. मुलांतील वारंवार डोकेदुखीत अर्धशिशीचा वाटा मोठा आहे. नाव अर्धशिशी असले तरी मुलांत ती अनेकदा संपूर्ण कपाळभर दुखते, मळमळ होते, उजेड सहन होत नाही आणि झोप लागली की उतरते; घरात आई-वडिलांपैकी कोणाला ती असल्यास संशय बळावतो. न खाल्लेला डबा, अपुरी झोप आणि शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर न प्यायलेले पाणी ही कारणे मुलाला विचारल्याशिवाय कळत नाहीत. दोन-तीन आठवडे दुखण्याची वेळ, त्याआधीचे खाणे व झोप आणि सुट्टीचे दिवस एका वहीत टिपले, तर डॉक्टरांना त्या नोंदींचा मोठा उपयोग होतो.

पहाटे झोपेतून उठवणारी किंवा उठताच उलटीसह येणारी डोकेदुखी, नव्याने आलेला तिरळेपणा, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे आणि दिवसेंदिवस वाढणारी वेदना ही मात्र वेगळी लक्षणे असून, ती मेंदूवरील वाढलेल्या दाबाची असू शकतात. त्यांपैकी एकही दिसल्यास मुलाला चष्म्याच्या दुकानात नव्हे, तर त्याच दिवशी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.